बाबांचे पंधरा लाख: बक्षीस की हातउसने?

प्रश्न: मी 34 वर्षांचा, पुण्यात नोकरीला. पत्नीही नोकरी करते. दोघांचे मिळून महिन्याला 1 लाख 55 हजार हातात येतात. 72 लाखांचा रीसेल फ्लॅट ठरवलाय. बँक 80 टक्के देणार. उरलेले पैसे, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून पावणेवीस लाख लागतात आणि आमच्याकडे आहेत पाच. आईबाबा साताऱ्याला असतात. बाबा 66 वर्षांचे, खासगी कारखान्यातून निवृत्त, पेन्शन नावापुरती. दोघांच्या नावावर पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15-15 लाख आहेत, ऑगस्ट 2023 मध्ये ठेवलेले. बाबा त्यांचे मोडून द्यायला निघालेत. घरात दीड लाख रोख आहेत, तेही घे म्हणतात. 'बापलेकात कसले कागद?' हे त्यांचं म्हणणं. बँकेचा माणूस म्हणतो, गिफ्ट लेटर आणा, विषय संपला. पत्नी म्हणते, उसने घेऊ आणि फेडू. धाकटी बहीण लग्न होऊन कोल्हापूरला आहे, तिला अजून काही सांगितलेलं नाही. बक्षीस म्हणून घेतले तर कर कमी बसेल की उसने घेतले तर? आणि कागद कोणते ठेवायचे?

उत्तर: कराचं आधी उरकून टाकू, कारण तुमचं सगळं पत्र त्या एका खुंटीवर टांगलंय आणि ती खुंटी भिंतीत नाहीच.

आईवडिलांनी मुलाला दिलेल्या बक्षिसावर कर नाही, रक्कम कितीही असो. 50 हजारांची जी मर्यादा लोक सांगतात ती परक्याकडून मिळालेल्या पैशाला लागते. आईवडील 'नातेवाईक' या व्याख्येत बसतात. उसने घेतलेले पैसे तर उत्पन्नच नव्हेत, त्यामुळे तिथेही कर नाही. बिनव्याजी घेतले म्हणून आयकर खातं 'वाचलेल्या व्याजावर' कर लावत नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण हा नियम तोच राहिला.

कोणी तुम्हाला सांगेल की बाबांना व्याज द्या आणि त्याची वजावट घ्या. जुन्या करपद्धतीत घरासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते आणि कर्ज बँकेचंच असलं पाहिजे असं नाही, हे खरं आहे. पण स्वतः राहायच्या घराला वर्षाला 2 लाखांची मर्यादा आहे. तुमचं बँकेचं कर्ज 57 लाख 60 हजार. 8 टक्के धरले तरी पहिल्या वर्षाचं व्याज साडेचार लाखांच्या आसपास जातं. दोघांची मिळून 4 लाखांची मर्यादा बँकेच्याच व्याजात भरून जाईल. नव्या करपद्धतीत तर स्वतःच्या राहत्या घराला ही वजावटच नाही. तेव्हा शून्य आणि शून्य. कर या प्रश्नाचं उत्तर देत नाही, त्याला बाजूला बसवा.

आता बाबांचं पोस्टाचं पासबुक उघडा. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे एक नोंद दिसेल: 30,750 रुपये. 15 लाखांवर 8.2 टक्के, दर तिमाहीला. आईच्या पासबुकात तेवढीच दुसरी. पेन्शन नावापुरती आहे म्हणता, म्हणजे साताऱ्याचं घर या दोन नोंदींवर चालतं. बाबांचं खातं मोडलं की महिन्याचे 20,500 निम्म्यावर येतात, 10,250 वर. शिवाय या योजनेत थोडीशी रक्कम काढता येत नाही, खातं आख्खं बंद करावं लागतं. पाच वर्षं ऑगस्ट 2028 मध्ये पुरी होतात. दोन वर्षं उलटून गेल्यावर पण पाचच्या आत मोडलं तर एक टक्का कापतात. म्हणजे 15 हजार गेले, हातात 14 लाख 85 हजार.

बाबा 'देतो' म्हणाले तेव्हा त्यांनी हा हिशेब केला होता का? बहुतेक केला नसणार. वडील मुलाला पैसे देताना हिशेब करत नाहीत, तो मुलाने करायचा असतो. म्हणून पहिलं काम हे, की साताऱ्याला जाऊन बाबांना नव्हे, आईला विचारा: महिन्याला दहा हजार कमी आले तर कुठे कापाल? त्यांनी 'बघू की' म्हटलं तर समजा की कापायला जागा नाही.

बक्षीस आणि उसने यांत खरा फरक पुढे पडतो, चार-आठ वर्षांनी, किंवा बाबांच्या माघारी.

बक्षीस दिलं की दिलं. पैसे तुमच्या खात्यात आले आणि तुम्ही स्वीकारले की ते पूर्ण झालं. बाबांना नुसतं मन बदललं म्हणून परत मागता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे, त्यात 'मी सांभाळीन' या अटीवर दिलेली मालमत्ता, अगदी रोकड किंवा ठेवसुद्धा, अट मोडली तर परत मिळवायची वाट आहे. पण अशी अट होती हे दाखवावं लागतं आणि बँकेला जे गिफ्ट लेटर लागतं त्यात नेमकं उलटं लिहिलेलं असतं: 'विनाअट, परतफेडीची अपेक्षा नाही.'

उसने दिलेले पैसे मात्र बाबांचेच राहतात, फक्त तुमच्याकडे असतात. त्यामुळे बाबा गेले तर ते त्यांच्या इस्टेटीत धरले जातात. आकड्यांत बघा. समजा बाबांनी मृत्युपत्र केलं नाही, तुमची आजी हयात नाही आणि त्या दिवशी 9 लाख फेडायचे राहिले आहेत. हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि बहीण, तिघांना सारखा वाटा. 9 लाखांतले 3 तुमचे, म्हणजे ते तुम्ही तुम्हालाच देणं लागता. उरलेले 3 आईला आणि 3 बहिणीला द्यायचे. हेच पैसे बक्षीस असते तर? बहीण त्यातलं काही मागू शकली नसती आणि साताऱ्याच्या घराची वाटणी करतानाही 'दादाला आधीच 15 मिळाले, ते वजा करा' असं म्हणायचा कायदेशीर हक्क तिला आपोआप मिळाला नसता. मनात ती ते म्हणणारच. कायदा वजा करत नाही, माणसं करतात, आणि मग राखीपौर्णिमेला फोन यायचा थांबतो.

तिला तुम्ही अजून सांगितलेलं नाही, त्यावर मी थोडा अडलो. का नाही सांगितलं? वेळ मिळाला नाही म्हणून, की ती काय म्हणेल ते माहीत आहे म्हणून? दुसरं कारण असेल तर तुमच्या मनानेच ठरवलंय की हे पैसे निव्वळ बक्षीस म्हणून घेणं सरळ नाही.

आता बँकेच्या माणसाकडे येऊ. मी स्वतः एका बँकेच्या गृहकर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्याचं 'विषय संपला' मला ओळखीचं आहे. त्याच्या बाजूने ते खरंही आहे. घराच्या किमतीतला तुमचा हिस्सा तुमचा स्वतःचा असावा, आणखी एखाद्या कर्जाचा नसावा, एवढंच बँकेला बघायचं असतं. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला किमतीच्या 80 टक्क्यांवर जायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याच कारणासाठी आहे. तेव्हा खात्यात अचानक 15 लाख दिसले की बँक विचारते, कुठून आले? 'बक्षीस, परत द्यायचे नाहीत' असं पत्र असलं की फाइल पुढे सरकते.

घोटाळा इथून पुढे होतो. बँकेला हे पत्र द्यायचं आणि घरी कपाटात 'मुलाने 15 लाख उसने घेतले' असा पाचशेच्या स्टॅम्पवरचा कागद ठेवायचा. पुष्कळ घरांत हे असंच चालतं, आणि सगळे ते चातुर्य समजतात. मुळात बँकेला खोटं लिहून देणं होतंच. त्यावर हे दोन कागद एकमेकांना खातात. माझ्यासमोरच्या एका प्रकरणात वडील वारल्यावर मुलीने उसनवारीचा कागद काढला, मुलाने बँकेच्या फाइलमधून गिफ्ट लेटरची प्रत मागवली. दोन्हीवर वडिलांची सही, दोन्ही एकाच आठवड्यातले. भाऊ-बहीण दोघंही खरं बोलत होते आणि वडिलांच्या मनात काय होतं ते सांगायला वडील नव्हते. ते प्रकरण कुठे मिटलं मला माहीत नाही. आमच्याकडून फक्त फाइलची झेरॉक्स गेली.

तेव्हा जे ठरेल ते एकच ठरवा आणि बँकेला तेच सांगा.

माझं मत विचाराल तर तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. उसने घ्या आणि अर्जात उघड लिहा. बँक ते तुमच्या देण्यांत धरेल, त्याने काय बिघडतं ते मोजू. 57 लाख 60 हजारांना, 20 वर्षांना, 8 टक्क्यांनी हप्ता साधारण 48 हजार. त्यात बाबांचे 10,250 मिळवा, 58 हजारांच्या थोडं वर. दोघांच्या 1 लाख 55 हजारांतले हे 38 टक्के होतात. पत्नीला सहकर्जदार केलंत की यात बहुतेक बँकांना अडचण वाटायला नको. एकट्याच्या पगारावर कर्ज काढणार असाल तर मात्र ओढाताण होईल. आणि एखादी बँक 'स्वतःचा हिस्सा उसना चालणार नाही' असं म्हणालीच, तर दुसरी बँक बघा किंवा लहान घर बघा. खोटं पत्र हा तिसरा मार्ग धरू नका.

उसने घ्या म्हणण्याचं आणखी एक साधं कारण आहे. उद्या तुमचं बरं चाललं, बाबांना वाटलं की राहिलेले पैसे सोडून द्यावेत, तर एक पत्र लिहून ते सोडू शकतात. वडिलांनी मुलाला सोडलेली रक्कम बक्षिसासारखीच, करमुक्त. आज बक्षीस म्हणून दिलेले पैसे उद्या आजारपणात उसने ठरवता येत नाहीत.

परतफेड किती? मी वर 10,250 धरले, कारण बाबांच्या घरात तेवढेच कमी होणार आहेत. पण इथे एक फसगत आहे. पोस्टाचे 10,250 हे व्याज होतं, मुद्दल जागच्या जागी होतं. तुम्ही बिनव्याजी घेऊन महिन्याला तेवढेच दिलेत तर बाबा स्वतःचं मुद्दलच थोडं थोडं खातायत. 14 लाख 85 हजार अशाने 145 महिन्यांत, बारा वर्षांत संपतील. बाबा तेव्हा 78 चे असतील आणि त्या महिन्यापासून येणं शून्य. 6 टक्के व्याज धरलंत तर तोच हप्ता साडेएकवीस वर्षं चालेल. ते व्याज बाबांचं उत्पन्न धरलं जातं आणि विवरणपत्रात दाखवायचं असतं. पण नव्या करपद्धतीत 12 लाखांच्या आतल्या अशा उत्पन्नावर सध्या कर पडत नाही, तेव्हा तीही भीती नको.

बाबा व्याज घेणार नाहीत, हे मला इथे बसून दिसतंय. मग दुसरं करा: महिन्याचे 10,250 घरखर्चाला, आणि शिवाय दरवर्षी बोनसमधले 75 हजार बाबांच्या नावे ठेवीत. वर्षाला 1 लाख 98 हजार झाले. साडेसात वर्षांत फिटतं आणि साडेपाच लाखांवर मुद्दल त्यांच्या नावावर पुन्हा उभं राहतं. बोनस आला नाही त्या वर्षी नाही दिले, चालेल. महिन्याचे मात्र चुकवू नका, आणि ते बँकेला 'स्थायी सूचना' देऊन आपोआप जाऊ द्या. बाबांना दर महिन्याला मागावं लागलं, किंवा न मागता गप्प बसावं लागलं, की उसन्याचं ओझं होतं.

आता कागद. 'बापलेकात कसले कागद' याला उत्तर असं द्या की कागद बापलेकात नाहीच. तो आईसाठी, बहिणीसाठी आणि आयकर खात्यासाठी आहे. एवढ्या मोठ्या रकमेची घरखरेदी नोंदली की दुय्यम निबंधक कार्यालयाकडून ती माहिती आयकर खात्याकडे जातेच. उद्या नोटीस आली तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: पैसे देणारा कोण, त्याची तेवढी ऐपत होती का आणि व्यवहार खरा झाला का.

पहिलीसाठी बाबांच्या पॅनची प्रत पुरते. दुसरीसाठी पोस्टाच्या पासबुकाची पानं, खातं बंद केल्याची पावती आणि मूळ पैसा कुठला, म्हणजे फंड आणि ग्रॅच्युइटी जमा झाल्याची बँकेची नोंद. बाबा विवरणपत्र भरत असतील तर शेवटच्या दोन-तीन वर्षांच्या प्रती. तिसरीसाठी पैशाची वाट स्वच्छ हवी: पोस्टातून बाबांच्या बचत खात्यात आणि तिथून एकाच फेरीत आरटीजीएसने तुमच्या खात्यात. मधे काकांचं खातं नको, पत्नीचं नको. सासऱ्यांनी सुनेला दिलेलं बक्षीसही करमुक्तच असतं, पण त्या पैशातून पुढे काही भाडं वगैरे मिळालं तर ते सासऱ्यांच्या उत्पन्नात धरतात. कशाला ती गुंतागुंत? दोघांच्या खातेउताऱ्यांवर ती एक ओळ अधोरेखित करून प्रती काढा आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराला बँकेने दिलेला क्रमांक, कागदात लिहा.

कागद लांबलचक नको. मराठीत, एका पानाचा, असा:

'मी, अमुक, माझे वडील तमुक यांच्याकडून घरखरेदीसाठी 14,85,000 रुपये हातउसने, बिनव्याजी घेतले आहेत. ही रक्कम त्यांच्या अमुक बँकेतील खात्यातून माझ्या खात्यात दिनांक अमुक रोजी, यूटीआर क्रमांक अमुकने जमा झाली. दिनांक अमुकपासून दरमहा 10,250 रुपये त्यांच्या खात्यात जमा करीन. याखेरीज जमेल तशी जास्तीची रक्कम देईन, ती मुद्दलातून वजा होईल.'

खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून शंभरचा स्टॅम्प अशा कामाला चालत नाही, पाचशेचा घ्या. तुमच्या मजकुराला तेवढा पुरतो ना, हे वकिलाला एकदा दाखवून घ्या. नोटरी करायला हरकत नाही, पण नोटरी फक्त सही कोणी केली ते सांगतो, आतल्या मजकुराची हमी देत नाही. या कागदाची प्रत बँकेच्या फाइलला लावा.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. उसन्या पैशाला मुदतीचा कायदा लागतो, तीन वर्षांचा. 'मागाल तेव्हा देईन' असं लिहिलं तर लोकांना वाटतं, मागितल्यापासून तीन वर्षं. तसं नाही, अशा कर्जाला पैसे दिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ज्या कागदावर ना तारीख ना हप्ता, तो तीन वर्षांनी कोर्टाच्या दृष्टीने जवळजवळ रद्दी. म्हणून हप्त्याची तारीख लिहायची. आणि दरवर्षी एप्रिलमध्ये, विवरणपत्राची जुळवाजुळव करता तेव्हा, दोन ओळी लिहून सही करायची: '31 मार्च रोजी बाबांचे अमुक इतके रुपये मी देणं लागतो.' मुदत संपायच्या आत दिलेल्या अशा सहीने तीन वर्षं नव्याने सुरू होतात. ही सही तुमच्याच विरुद्ध जाणारी आहे, म्हणून ती न मागता तुम्ही द्यायची.

बाबांच्या माघारी काय, हे त्या कागदात घालू नका. त्याची जागा मृत्युपत्रात. 'राहिलेली रक्कम माझ्या पत्नीला मिळावी' किंवा 'मुलाला माफ करावी आणि तेवढी मुलीला अमुक ठेवीतून द्यावी', बाबांना हवं ते. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. बाबांची सही आणि त्यांच्यासमोर सही करणारे दोन साक्षीदार लागतात. वडिलांकडे मृत्युपत्राचा विषय मुलाने काढणं अवघड, मला कल्पना आहे. बहिणीबरोबर बसून काढलात तर कमी अवघड जाईल.

इतर वाचकांतल्या ज्यांच्या आईवडिलांची पेन्शन भक्कम आहे, ज्यांना खरोखर देऊन मोकळं व्हायचंय, त्यांनी बक्षीसच घ्यावं आणि बँकेला गिफ्ट लेटर बिनदिक्कत द्यावं. त्यात नातं, रक्कम, तारीख, यूटीआर, पैशाचा उगम आणि 'परत घ्यायचे नाहीत' हे वाक्य. खाली देणाऱ्याची सही आणि 'स्वीकारले' म्हणून घेणाऱ्याचीही. पैसे बँकेतून गेले असतील तर बक्षीस पूर्ण व्हायला नोंदणीकृत बक्षीसपत्राची गरज नसते, ती जागा-जमिनीला लागते. फक्त दुसऱ्या मुलांना त्याच आठवड्यात सांगा.

राहिले दीड लाख रोख. हे उसने म्हणून रोखीत मुळीच घेऊ नका. 20 हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीने घेतलं तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि परतफेडही तशीच बँकेतून करावी लागते. तुमच्या खात्यात ते भरणं त्याहून वाईट, कारण मग ते कुठले हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. बाबांचे आहेत, बाबांच्या खात्यात भरू द्या, कुठून साठले ते त्यांना ठाऊक आहे. आणि मग तिथेच राहू द्या. तुम्हाला लागतात 14 लाख 74 हजार, खातं मोडून मिळतात 14 लाख 85 हजार. भागतंय. आईबाबांच्या घरात अडीअडचणीला काहीतरी हाताशी नको का?

बहिणीला आजच फोन करा, कागद तयार व्हायच्या आधी. झालेलं सांगू नका, विचारा. जमलं तर त्या कागदावर एक साक्षीदार म्हणून तिचीच सही घ्या. ज्या कागदावर तिने सही केली त्याबद्दल तिला पुढे कोणाकडून ऐकावं लागणार नाही.

आणि पोस्टात जायच्या आदल्या संध्याकाळी बाबांच्या पासबुकाच्या सगळ्या पानांची, पहिल्या पानापासून, झेरॉक्स काढून ठेवा. खातं बंद करताना पासबुक काउंटरवर जमा होतं.